बलकात दडलेली वाफ

अमेरिकेतल्या एका हॉटेलात एका गिऱ्हाईकाला मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम केलेलं उकडलेलं अंडं वाढलं गेलं. त्यानं चावा घेतला आणि अंडं तोंडातच फुटलं. तोंड भाजलं, शिवाय स्फोटाच्या आवाजानं कानांना इजा झाली, असा दावा करत तो कोर्टात गेला. अंड्याचा आवाज खरंच कान बिघडवण्याइतका मोठा असतो का, हे तपासायचं काम अँथनी नॅश आणि लॉरेन व्हॉन ब्लोन या ध्वनितज्ज्ञांकडे आलं. त्यांनी शंभराच्या आसपास अंडी उकडली, सोलली, पाण्यात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये तीन-तीन मिनिटं तापवली आणि डिसेंबर २०१७ मध्ये न्यू ऑर्लिअन्सच्या ध्वनिशास्त्र परिषदेत निष्कर्ष मांडले.

काही अंडी आतच फुटली. जी शाबूत बाहेर आली, त्यांच्यात टोकदार तापमापक खुपसल्यावर त्यातलीही साधारण ३० टक्के फुटली. फूटभर अंतरावरून मोजलेला आवाज ८६ ते १३३ डेसिबलच्या दरम्यान होता. आवाज मोठाच, पण एका धमाक्यानं कान कायमचे बिघडण्याची शक्यता फार कमी, असं त्यांचं मत पडलं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची दुसरी नोंद: बलकाचं तापमान भोवतालच्या पाण्यापेक्षा सातत्यानं जास्त भरत होतं. म्हणजे बलकातलं पाणी उकळीच्या वर तापलेलं होतं, तरी त्याची वाफ झालेली नव्हती.

पाणी १०० अंशांना उकळतं असं आपण शाळेत शिकतो. पण उकळायला तापमानाबरोबर बुडबुडाही लागतो, आणि बुडबुडा जन्माला येणं हेच कठीण काम आहे. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, तसंच इथे होतं. पाण्याचा पृष्ठताण बुडबुड्याला चहूबाजूंनी दाबत असतो आणि बुडबुडा जितका लहान, तितका हा दाब जास्त. मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा रुंद बुडबुडा घ्या. त्याच्यावर हवेचा नेहमीचा दाब असतोच, त्यात पृष्ठताणाचा आणखी त्याहून थोडा जास्त दाब पडतो. एवढ्या दाबाला तोंड द्यायचं तर आतल्या वाफेचं तापमान १२० अंशांच्या पुढे हवं. त्याहून कमी तापमानाला तो बुडबुडा टिकतच नाही, जन्मताच चेपला जातो.

गॅसवरच्या पातेल्यात ही अडचण येत नाही. तळ पाण्यापेक्षा गरम असतो आणि त्यावरच्या चरे-खाचांमध्ये हवेचे कण अडकलेले असतात. वाफेला बुडबुडा शून्यातून घडवावा लागत नाही, त्या हवेचं बोट धरून तो वाढतो. मायक्रोवेव्हमध्ये तापतं ते थेट पाणी. काचेचा किंवा चिनीमातीचा कप स्वतः फारसा तापत नाही, पाण्यापेक्षा थंडच राहतो. कप नवा, गुळगुळीत आणि स्वच्छ असेल, पाणी आधी एकदा उकळून त्यात विरघळलेली हवा निघून गेलेली असेल, तर पाणी १०० च्या पुढे काही अंश गुपचूप तापत जातं. वरून पाहावं तर एक बुडबुडा नाही, हालचाल नाही. बघणाऱ्याला वाटतं अजून उकळी यायची आहे, आणि तो आणखी मिनिटभर लावतो.

मग त्यात कॉफीची पूड पडते. पुडीच्या कणांमध्ये हवा असते, म्हणजे हजारो तयार बुडबुडे एकदम आत जातात. दोनशे मिलिलिटर पाणी १०५ अंशांवर होतं असं धरू. १०० वर येताना ते पाच अंशांची उष्णता सोडतं, सुमारे ४२०० ज्यूल. तेवढ्यात दोन ग्रॅमपेक्षाही कमी पाण्याची वाफ होते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक ग्रॅम वाफ १.६ लिटरहून जास्त जागा घेते. कपभर पाण्याच्या पोटात क्षणार्धात तीनेक लिटर वाफ तयार झाली, तर उरलेलं उकळतं पाणी हातावर आणि चेहऱ्यावर उडणारच. कप उचलताना बसलेला हलका हिसकाही कधीकधी पुरतो.

यावर उपाय साधा आहे: पाणी तापवायच्या आधीच त्यात लाकडी चमचा किंवा काडी टाकून ठेवायची. लाकडाच्या छिद्रांतली हवा बुडबुड्यांना जागा देते आणि पाणी वेळेवर उकळतं. नंतर काही घालून उपयोग नाही, तेव्हा तर घालायचंच नाही. बंद केल्यावर मिनिटभर कप आतच राहू द्यावा.

आता अंड्याकडे परत येऊ. बलकात जवळपास निम्मं पाणी असतं आणि उरलेल्यात मुख्यतः चरबी नि प्रथिनं. उकडल्यावर प्रथिनं घट्ट होतात आणि त्यांच्या कणाकणांमध्ये पाण्याचे बारीक कप्पे कोंडले जातात, असा त्या दोघा ध्वनितज्ज्ञांचा तर्क आहे. हा प्रत्येक कप्पा म्हणजे अतितप्त पाण्याचा एक छोटा कप. सुरी, काटा किंवा दात लागला की एक कप्पा फुटतो, त्याच्या धक्क्यानं शेजारचा, आणि साखळी क्षणात पुरी होते. सोललेलं अंडं फुटणार नाही हा समज म्हणूनच चुकीचा आहे. कवचासकट ठेवलेल्या अंड्यात शिवाय कोंडलेल्या वाफेचा दाबही येतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असली तरी इतकी वाफ त्यातून वेळेत निघत नाही. टाचणीनं कवच टोचूनही भरवसा नाही, कारण अडचण कवचाची कमी आणि बलकाची जास्त आहे. उकडलेलं अंडं गरम करायचंच असेल तर चिरून, बलक मोकळा करून करावं. अख्खं अंडं मायक्रोवेव्हऐवजी नुसत्या गरम पाण्यात ठेवणं त्याहून बरं.

मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेल्या धातूची गोष्ट वेगळी आहे. तिथे वाफेचा संबंध नाही. लहरी धातूवरून परततात आणि परतताना त्यातले विद्युत्‌भार सेकंदाला जवळपास अडीच अब्ज वेळा मागे-पुढे हलवतात. गोल, जाड, गुळगुळीत वाटीत हे भार पसरून राहतात. ती भट्टीच्या भिंतीला टेकली नाही तर बहुधा ठिणगीही पडत नाही, फक्त आतलं अन्न नीट तापत नाही. काट्याच्या टोकांवर किंवा चुरगळलेल्या फॉइलच्या कडांवर मात्र भार एकवटतात. तिथलं विद्युतक्षेत्र सेंटिमीटरला ३०,००० व्होल्टच्या आसपास गेलं की हवाच वीज वाहू लागते आणि निळसर ठिणगी दिसते. कपावरची सोनेरी किनारही यात आली. तो थर इतका पातळ असतो की त्यातून वाहणाऱ्या प्रवाहानं तापून जागोजागी तुटतो आणि तुटलेल्या फटींतून ठिणग्या उडतात.

आत काहीच धातू नसताना ठिणग्या दिसल्या, तर आतल्या बाजूच्या भिंतीवर करड्या रंगाची पातळ पट्टी शोधा. ती अभ्रकाची असते आणि लहरी आत येण्याच्या तोंडावर बसवलेली असते. तिच्यावर उडालेली आमटी, तेल पुन्हा पुन्हा तापून जळतं, त्याचा कोळसा होतो. कोळसा वीज वाहतो, म्हणून ठिणगी तिथेच पडते आणि पट्टीला काळं भोक पडतं. अशी भट्टी तशीच वापरत राहू नये. अभ्रकाची पट्टी स्वस्तात मिळते, मापानं कापून नवी बसवता येते, आणि जुनी काढल्यावर मागच्या तोंडाच्या कडा जळलेल्या नाहीत ना, हेही दुरुस्तीवाल्याकडून पाहून घ्यावं.