कोल्मोगोरोव्ह–स्मिर्नोव्ह कसोटी

हाती आलेला नमुना आधी सांगितलेल्या संभाव्यता वितरणातून आला असेल का, हे ठरवण्याची संख्याशास्त्रीय कसोटी. नमुन्यातील निरीक्षणांचा संचयी वक्र आणि सांगितलेल्या वितरणाचा संचयी वक्र एकाच आलेखावर काढतात आणि त्यांच्यातील सर्वांत मोठे उभे अंतर मोजतात. हे अंतर D या अक्षराने दाखवतात. नमुन्याच्या आकारमानाला साजेल त्यापेक्षा D मोठा निघाला, तर सांगितलेले वितरण नाकारले जाते.

आन्द्रेई कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञाने १९३३ मध्ये एका इटालियन विमागणिती नियतकालिकात या अंतराचे वितरण सिद्ध केले. नमुना वाढत जाईल तसा त्याचा संचयी वक्र मूळ वक्राला सगळीकडे एकाच वेळी चिकटत जातो, हा ग्लिव्हेंको आणि कांतेल्ली यांचा सिद्धांतही त्याच वर्षीचा. निकोलाय स्मिर्नोव्ह याने १९३९ मध्ये दोन नमुन्यांची आपसांत तुलना करण्याची रीत दिली आणि १९४८ मध्ये वापरायला सोपे कोष्टक छापले. त्यामुळे कसोटीला दोघांचे नाव जोडले गेले.

नमुन्याचा संचयी वक्र म्हणजे पायऱ्यांची रेघ असते. नमुन्यातली n निरीक्षणे लहानापासून मोठ्यापर्यंत लावली, की प्रत्येक निरीक्षणापाशी रेघ 1/n ने वर चढते आणि पुढचे निरीक्षण येईपर्यंत सपाट राहते. x या ठिकाणी तिची उंची म्हणजे x किंवा त्याहून लहान निरीक्षणांचे प्रमाण. तिला Fₙ(x) आणि सांगितलेल्या वितरणाच्या सलग वक्राला F(x) म्हटले, तर

D = max |Fₙ(x) − F(x)|

कसोटीची खरी खुबी अशी, की सांगितलेले वितरण सलग असेल तर ते प्रसामान्य आहे, घातांकी आहे की आणखी कुठले, याला महत्त्व उरत नाही. आडवा अक्ष कुठे ताणला, कुठे आवळला तरी निरीक्षणांचा क्रम बदलत नाही आणि दोन रेघांमधले उभे अंतरही बदलत नाही. त्यामुळे कोणतेही सलग वितरण असे ताणून ० ते १ मधल्या एकसमान वितरणात आणता येते, आणि D चे एकच कोष्टक सर्वांना पुरते. निरीक्षणे दहा असतील तर पाच टक्के सार्थकता पातळीला, म्हणजे खरे वितरण चुकून नाकारण्याची जोखीम पाच टक्के धरली तर, D ची मर्यादा ०.४०९ आहे आणि एक टक्क्याला ०.४८९. निरीक्षणे पस्तीस-चाळीसच्या पुढे गेली, की पाच टक्क्यांसाठी 1.36/√n हे सूत्र चालते.

मराठवाड्यातले एक कल्पित उदाहरण घेऊ. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये तूरडाळीची ३० किलोची पोती यंत्राने भरली जातात. यंत्राच्या माहितीपत्रकात दिले आहे, की पोत्याचे निव्वळ वजन प्रसामान्य वितरणाने बदलते, माध्य ३० किलो आणि प्रमाण विचलन १०० ग्रॅम. दिवसभरातून वेगवेगळ्या वेळी उचललेली दहा पोती बारीक काट्यावर तोलली. ३० किलोपेक्षा कमी-जास्त भरलेले ग्रॅम चढत्या क्रमाने असे आले:

−६०, १०, ३०, ५०, ७०, ८०, ११०, १३०, १६०, २१०

आता प्रत्येक वजनापाशी सांगितलेला वक्र किती उंच आहे ते काढायचे. प्रत्येक आकड्याला १०० ने भागून प्रसामान्य वितरणाच्या कोष्टकात पाहिले, की पहिल्या चार पोत्यांसाठी ०.२७४, ०.५४०, ०.६१८ आणि ०.६९१ मिळतात. पुढच्या पोत्यांपाशी अंतर कमी होत जाते, म्हणून इथे त्यांचा हिशेब देत नाही.

दुसऱ्या पोत्यापाशी थांबू. त्याचे वजन ३०.०१० किलो. नमुन्याची रेघ इथे ०.१ वरून ०.२ वर चढते. चढल्यानंतरची उंची धरली तर सांगितलेल्या वक्रापासूनचे अंतर ०.५४० − ०.२ = ०.३४० भरते. पण ही पायरी चढण्याच्या क्षणभर आधी रेघ ०.१ वरच होती आणि तिथे अंतर ०.५४० − ०.१ = ०.४४० आहे. म्हणजे ५४ टक्के पोती ३०.०१० किलोच्या आत असायला हवी होती, आणि त्याच्या खाली मिळाले दहातले एकच. या नमुन्यातले सर्वांत मोठे अंतर हेच. D = ०.४४०, म्हणजे ०.४०९ च्या वर. पाच टक्के पातळीला माहितीपत्रकातला दावा नाकारला जातो, एक टक्क्याला मात्र टिकतो.

हाताने किंवा स्प्रेडशीटमध्ये गणित करणारे सर्वाधिक चुकतात ते नेमके इथे. पायरीच्या फक्त वरच्या टोकाकडे पाहिले तर या नमुन्यात सर्वांत मोठे अंतर ०.३४० दिसले असते आणि यंत्र पास झाले असते. दर i-व्या निरीक्षणापाशी दोन वजाबाक्या कराव्या लागतात: i/n − F आणि F − (i−1)/n. नमुना लहान असेल तर 1/n एवढी ही फट निकाल फिरवायला पुरते.

अंतराची दिशाही पाहावी. इथे नमुन्याची रेघ सांगितलेल्या वक्राच्या खाली राहिली, म्हणजे हलकी पोती अपेक्षेपेक्षा कमी आणि भारी जास्त. सरासरी काढली तर पोत्यामागे ७९ ग्रॅम डाळ जास्त जाते आहे. हजार पोत्यांमागे ७९ किलो, आणि तूरडाळीचा भाव पाहता मिलवाल्याला ते परवडणारे नाही. संशय फक्त माध्याचाच असता तर थेट माध्याची कसोटी अधिक धारदार ठरली असती. माहितीपत्रकातले प्रमाण विचलन खरे धरले तर 79/(100/√10), म्हणजे जवळपास २.५ हे मूल्य येते आणि दावा अधिक ठामपणे नाकारला जातो. कोल्मोगोरोव्ह–स्मिर्नोव्ह कसोटी माध्य, पसरण आणि आकार या सगळ्यांवर एकदम नजर ठेवते, म्हणून एकेका बाबतीत तिची ताकद थोडी कमी पडते.

पुढचा प्रश्न साहजिक आहे: माध्य सरकले असेल, पण वितरणाचा आकार तरी प्रसामान्य आहे का? यासाठी बहुतेक जण नमुन्यातूनच माध्य ७९ आणि प्रमाण विचलन ७८ काढतात आणि त्यांनी ठरलेल्या वक्राशी पुन्हा तुलना करतात. आता D फक्त ०.०९५ येतो. तो लहानच येणार, कारण वक्र याच दहा पोत्यांवर बेतून काढलेला आहे. अशा वेळी ०.४०९ ही मर्यादा लागू पडत नाही. वक्र आधीच नमुन्याकडे ओढलेला असल्यामुळे त्या मर्यादेपर्यंत D क्वचितच पोचतो आणि खरोखर वाकडे वितरणही पास होते. ह्युबर्ट लिलिफोर्स या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने प्रसामान्य वितरणासाठी १९६७ मध्ये आणि घातांकी वितरणासाठी १९६९ मध्ये वेगळी कोष्टके दिली. त्यानुसार दहा निरीक्षणांना प्रसामान्य वितरणासाठी पाच टक्क्यांची मर्यादा सुमारे ०.२६ आहे. आपले ०.०९५ त्याच्या बरेच आत आहे, म्हणून आकाराबद्दल तक्रार करायला या नमुन्यात आधार नाही. मात्र दहा पोत्यांत आकारातला मध्यम दोष सहसा पकडला जातही नाही.

संगणकावर ही गल्लत आणखी सहज होते, कारण आज्ञावली दोन्ही वेळा बिनतक्रार उत्तर देते. खाली x हा वजनांचा संच किलोत आहे.

```
from scipy import stats
from statsmodels.stats.diagnostic import lilliefors
stats.kstest(x, "norm", args=(30, 0.1))
lilliefors(x, dist="norm")
```

पहिली कसोटी माहितीपत्रकातल्या आकड्यांसाठी, दुसरी नमुन्यातून आकडे काढलेले असतील तेव्हा. `args` मध्ये नमुन्याचे स्वतःचे माध्य आणि विचलन भरून पहिलीच चालवली, तर मिळणारी p-किंमत, म्हणजे वितरण बरोबर असताना एवढा किंवा याहून मोठा D निघण्याची शक्यता, खऱ्यापेक्षा फुगलेली असते. गॅमासारख्या वितरणांना असे एकच कोष्टक पुरत नाही, कारण मर्यादा आकार-प्राचलाप्रमाणे बदलते. तिथे अंदाजित वितरणातून तेवढ्याच आकारमानाचे हजारो नमुने संगणकाने पाडतात, प्रत्येकावर प्राचले नव्याने काढून D मोजतात आणि वरच्या पाच टक्क्यांची सीमा आपली मर्यादा म्हणून घेतात. मेहनतीचे वाटले तरी माझ्या मते कोष्टकांवर विसंबण्यापेक्षा हेच बरे.

मराठवाड्यात ही कसोटी लावावीशी वाटते ती मुख्यतः पावसाच्या नोंदींना, आणि तिच्या अटी सर्वांत जास्त तिथेच मोडतात. दैनिक पावसात पुष्कळ दिवस शून्याचे असतात, त्यामुळे शून्यापाशी नमुन्याची रेघ एकदम उंच उडी घेते. सलग गॅमा वक्र तिथे बसणारच नाही. म्हणून पाऊस पडला की नाही हा प्रश्न वेगळा काढतात आणि कसोटी फक्त पावसाच्या दिवसांच्या मिलिमीटरांना लावतात. पावसाचा खंड पूर्ण दिवसांत मोजला जातो. अशा सुट्या किमतींवर सलग वितरणाचे कोष्टक वापरले तर कसोटी गरजेपेक्षा मवाळ होते, म्हणजे नाकारायला हवे तिथेही नाकारत नाही. डाळ मिलचा काटा ५० ग्रॅमच्या टप्प्यांनीच वजन दाखवणारा असता, तर तिथेही हीच अडचण आली असती.

त्याहून मोठी अट स्वातंत्र्याची. बीड जिल्ह्यातल्या शेजारशेजारच्या चाळीस महसूल मंडळांचा एकाच दिवसाचा पाऊस म्हणजे चाळीस स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. एकच ढगांची फळी त्यांतल्या बऱ्याच मंडळांवरून गेलेली असते. खरी माहिती त्यापेक्षा खूप कमी असते, पण कसोटी n म्हणून ४० धरते, मर्यादा तेवढी आवळते आणि बरोबर वितरणही चूक ठरू शकते. भरणी यंत्रावर ओळीने आलेली दहा पोती घेतली तरी तेच, कारण यंत्राची चूक हळूहळू सरकत जाते. नोंदी काळाच्या क्रमाने मांडून पाहिल्या, की हा दोष बहुधा डोळ्यांना दिसतो. D काढताना मात्र नोंदी चढत्या क्रमाने लावल्या जातात आणि तो खुणेसह पुसला जातो.

नमुना फार मोठा असेल तर उलट त्रास होतो. दहा हजार निरीक्षणांना मर्यादा ०.०१३६ वर येते, आणि व्यवहारात कुणाला जाणवणार नाही एवढा फरकही सार्थ ठरतो. अशा वेळी D ची किंमत आणि ती कुठे आली ती जागा पाहावी. मिलवाल्याला दीड टक्क्याच्या फरकाने बिघडते की नाही, हे कोष्टक सांगू शकत नाही.

वितरणाच्या टोकांकडे ही कसोटी अधू आहे. दोन्ही वक्र एका बाजूला ० वर आणि दुसऱ्या बाजूला १ वर बांधलेले असतात, त्यामुळे टोकांपाशी अंतराला वाढायला जागाच नसते आणि सर्वांत मोठे अंतर बहुधा मध्याजवळ सापडते. धरणाच्या सांडव्यासाठी अतिवृष्टीचे वितरण बसवायचे असेल, तर काळजी नेमकी वरच्या टोकाची असते. तिथे अँडरसन आणि डार्लिंग यांची १९५२ ची कसोटी घेतात. ती अंतरांचे वर्ग F(1 − F) ने भागून जमवते, म्हणून टोकांकडच्या फरकांना वजन मिळते.