पावसाळ्यातही न मिटणाऱ्या भेगा

कोकमाचं तेल ही इंदुरातल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून हक्काने मागवायची वस्तू आहे. दिवाळीनंतर माळव्याची हवा सुकायला लागली की कपाटातला तो पांढरट, टणक गोळा बाहेर निघतो. पळीत वितळवून रात्री टाचांच्या भेगांत भरायचा आणि वर जुने मोजे चढवायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. भेगा दोन दिवस बऱ्या वाटतात, मग पुन्हा उकलतात. तेलात खोट नसते, पण आपण त्याच्याकडून जे काम मागतो ते त्याचं नव्हेच.

हे 1952 साली अमेरिकेत आयर्विन ब्लँक या त्वचासंशोधकाने अगदी साध्या रीतीने दाखवलं. त्याने घट्ट्याचे सुकून कडक झालेले तुकडे घेतले आणि तेलात, पेट्रोलियम जेलीत ठेवून पाहिले. ते कडकच राहिले. पाणी मिळालं तेव्हा मात्र तेच तुकडे मऊ पडले आणि वाकू लागले. त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरात पाण्याचं प्रमाण साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेलं की तो थर ठिसूळ होतो. म्हणजे मऊपणा येतो पाण्याने, आणि तेल फक्त आत असलेलं पाणी उडू देत नाही. कोरड्याठाक टाचेवर तेल लावलं तर राखायला आत पाणीच नसतं.

तळपायाची गोष्ट अंगाच्या इतर त्वचेहून वेगळी आहे. तिथे घामाच्या ग्रंथी भरपूर आहेत, पण तेलग्रंथी एकही नाही. चेहऱ्याला किंवा पाठीला जे तेल आपोआप मिळतं ते तळव्याला कधीच मिळत नाही. शिवाय हा थर फार जाड. पापणीवर बाह्यत्वचा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी असते, तळव्यावर ती दीड मिलिमीटरच्या घरात जाते. या जाड थरातलं पाणी धरून ठेवायला त्वचेकडे स्वतःचे काही पदार्थ असतात: अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्ल, युरिया. साबण आणि कढत पाणी नेमके तेच धुऊन नेतात. म्हणून बादलीत कडक पाणी घेऊन त्यात अर्धा-पाऊण तास पाय बुडवून बसणं हा उपाय त्या वेळी सुखाचा वाटला तरी टाच नंतर आणखी कोरडी होते. त्यात इंदुरात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. अशा हवेत उघडी टाच दिवसभर सुकतच राहते.

पण नुसत्या कोरडेपणाने खोल भेग पडत नाही. त्वचा खरखरीत होते, कोंडा सुटतो, बारीक रेघा दिसतात, एवढंच. चिरायला ताण लागतो, आणि तो उभं राहण्याने येतो. टाचेच्या हाडाखाली चरबीची गादी असते. वजन पडलं की ती चपटी होऊन बाजूंना पसरते आणि कडेची त्वचा ताणली जाते. त्वचा लवचिक असेल तर ती या पसरण्याबरोबर ताणते आणि पाय उचलल्यावर परत येते. जाड आणि कोरडी झालेली कड ताणू शकत नाही, ती उभी फाटते. भेगा तळव्याच्या मधोमध न पडता टाचेच्या कडेला, एकीशेजारी एक अशा उभ्या का पडतात, याचं कारण हेच आहे. मागून उघड्या चपलेत गादीला बाजूंनी काहीच आधार नसतो, त्यामुळे ती आणखी पसरते. मागे बंद असलेला, टाचेला धरून बसणारा बूट हा ताण कमी करतो, पण आपल्याकडे उन्हाळ्यात बायकांनी बूट घालायचे म्हटलं की घरचेच हसतात.

दाबाचा दुसरा परिणाम हळू होतो. सतत दाब आणि घर्षण सोसणाऱ्या जागी त्वचा स्वतःला वाचवायला जास्त पेशी बनवते आणि तिथे घट्टा धरतो. घट्टा जाड म्हणून कडक, कडक म्हणून लवकर चिरणारा. वजरीने रोज जोरजोरात घासलं तर त्वचेला तेही घर्षणच वाटतं आणि ती पुन्हा जाड होते. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे उथळ भेग रक्ताळत नाही आणि फारशी दुखतही नाही. रक्त येऊ लागलं, पाय टेकताना कळ जाऊ लागली, की भेग खालच्या थरापर्यंत उतरली असं समजावं. तिथून पुढे जंतूंना आत शिरायला वाट मोकळी असते.

आता एक प्रसंग. रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या एक काकू पोळी-भाजीचं केंद्र चालवतात. पहाटेपासून दुपारपर्यंत कोटा फरशीवर अनवाणी उभ्या, स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही. वय पन्नाशीच्या पुढे. टाचांना जळवात आहे हे त्यांनी केव्हाच स्वीकारलेलं. दर थंडीत भेगा, दर पावसाळ्यात बऱ्या, असं चाललं होतं. पण मग एका वर्षी श्रावण उलटला, घरातलं मीठ ओलं व्हायला लागलं, तरी टाचा तशाच.

ही पहिली खूण. कोरडेपणाने पडलेल्या भेगा दमट हवेत सुधारतात. न सुधारल्या तर आणखी कुणीतरी कामाला लागलं आहे असा संशय घ्यावा.

दुसरी खूण तळव्याच्या मधल्या कमानीत होती. तिथे जमिनीचा दाब पडत नाही, त्यामुळे घट्टा धरायचं कारण नाही. काकूंच्या कमानीतली त्वचा मात्र कोरडी होती आणि तिथल्या बारीक रेषांत पिठी भुरभुरावी तसा पांढरा कोंडा बसलेला होता. तो तळव्याच्या कडेवरून वर चढून एका स्पष्ट रेषेपाशी थांबत होता. दोन अंगठ्यांची नखं पिवळट, जाड, टोकाशी ठिसूळ. उजव्या तळहातालाही तसाच कोरडा कोंडा, डावा हात साफ. कणीक मळून मळून झालं असेल, असं त्या म्हणत. पण कणीक तर दोन्ही हातांनी मळतात.

दोन पाय आणि एकच हात, ही त्वचेच्या डॉक्टरांच्या फार ओळखीची जोडी. कारण बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची बुरशी. तिचं अन्न केराटिन, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातलं आणि नखातलं प्रथिन. तळव्यावर केराटिनची रास असते, त्यामुळे तिला तिथे काही कमी पडत नाही. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या आपण लगेच ओळखतो, त्या ओल्या, पांढऱ्या आणि खाजऱ्या असतात. तळव्यावर पसरलेला हा प्रकार कोरडा असतो आणि खाज थोडी किंवा मुळीच नसते. याचं कारण बुरशीच्या भित्तिकेतल्या मॅनन या शर्करेत आहे. ती शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते आणि जुन्या पेशी गळून पडण्याचा वेगही कमी करते. सूज नाही, लाली नाही, त्वचा मात्र जाड होत जाते. वर्षानुवर्षं माणूस त्याला कोरडेपणाच समजतो, आणि तो जाड थर उभं राहिल्यावर घट्ट्यासारखाच चिरतो.

नुसत्या डोळ्यांनी मात्र खात्री होत नाही. सोरायसिस आणि जुना इसबही तळव्यावर असेच दिसू शकतात. म्हणून डॉक्टरांनी काकूंच्या कमानीच्या कडेवरचा कोंडा बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडून घेतला आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकला. हे द्रावण साधारण 10 ते 20 टक्क्यांचं असतं. ते केराटिन विरघळवतं, बुरशीचे धागे मात्र शाबूत राहतात. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले, पेऱ्यापेऱ्याचे धागे दिसले. तपासणी स्वस्त आणि तासाभरात होणारी आहे, तरी ती कमी लोक करून घेतात. एकदा काही दिसलं नाही म्हणून बुरशी नाहीच असं मात्र नसतं. आधी मलम लावलेलं असेल किंवा कोंडा चुकीच्या जागचा घेतला असेल तर धागे निसटतात, मग पुन्हा नमुना घ्यावा लागतो किंवा कल्चर करावं लागतं.

काकूंच्या पिशवीत एक ट्यूबही निघाली, दुकानदाराने दिलेली. त्यात स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक, सगळंच. स्टेरॉइडने लाली आणि खाज शमते, पण ती शमवताना तो प्रतिकारही दाबतो. बुरशी निवांत पसरते आणि तिचं रूप इतकं बदलतं की पुढच्या डॉक्टरलाही ती ओळखू येत नाही. माझ्या मते असं मलम दुकानदाराच्या सल्ल्याने तळव्याला लावणं हे काहीही न लावण्यापेक्षा वाईट.

उपचाराचा क्रम महत्त्वाचा ठरला. जाड थरातून बुरशीनाशक मलम खाली उतरतच नाही, म्हणून आधी थर पातळ करायचा. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, मग हलकेच टिपून, त्वचा ओलसर असतानाच युरियाचं मलम. युरिया 10 टक्के असेल तर मुख्यतः पाणी धरतं, 25 ते 40 टक्के असेल तर केराटिन सैल करून जाडी उतरवतं. काकूंना 25 टक्क्यांचं दिलं, मात्र उघड्या, रक्ताळलेल्या भेगेवर नाही, कारण तिथे ते झोंबतं. त्यावर पेट्रोलियम जेलीचा किंवा कोकमाच्या तेलाचा थर, वर सुती मोजे. तेल आपल्या खऱ्या कामाला लागलं ते इथे. जाड तळवे आणि नखं दोन्ही पकडली असतील तर मलमावर भागत नाही. त्यांना यकृताची रक्ततपासणी करून टर्बिनाफीनच्या गोळ्या सुरू केल्या. या गोळ्या मनाने घेण्याच्या नव्हेत. भारतात अलीकडे टर्बिनाफीनला न जुमानणारी बुरशीही दिसते आहे, त्यामुळे गुण येतो की नाही यावर डॉक्टरांची नजर असावी लागते.

केंद्रात त्यांनी ओट्यापाशी जाड रबरी चटई टाकली आणि आतल्या आत घालायला मागून बंद असलेले वेगळे बूट घेतले. सोवळ्याचा प्रश्न धाकट्या सुनेने सोडवला, बूट फक्त स्वयंपाकघरात. पाय पुसायचा पंचा निराळा झाला.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी यातलं घरचं प्रकरण लांबवू नये. मज्जातंतू दुबळे झाले की पायाला घाम कमी येतो, त्वचा आणखी सुकते, आणि संवेदना गेल्यामुळे खोल भेगही दुखत नाही. अशा पायावर ब्लेड, घट्टे काढायच्या आम्लाच्या पट्ट्या आणि कढत पाणी, तिन्ही वर्ज्य. भेगेभोवती लाली पसरली, पाय गरम झाला, सूज किंवा ताप आला, तर मधुमेह असो वा नसो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

काकूंच्या तळव्याचा कोंडा दीड-दोन महिन्यांत गेला, तळहातही साफ झाला. नखं अजून पिवळीच आहेत. औषधाने बुरशी मेली तरी बिघडलेलं नख दुरुस्त होत नाही, ते मुळापासून नवं वाढून बाहेर ढकललं जावं लागतं. पायाच्या अंगठ्याला त्यासाठी वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर मुळाशी निरोगी नखाची पट्टी दर महिन्याला रुंद होते आहे ना, एवढं पाहत राहायचं. ती वाढायची थांबली तर पुन्हा खरवड घेऊन तपासायचं, कारण नखात उरलेल्या बुरशीतूनच तळवा पुन्हा लागतो.