देणगी, वर्गणी आणि मोबदला : पैसे मागण्यामागची पार्श्वभूमी

जुन्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने वर्गातल्या पंख्याची पाती वाचलेली असतात. पंखा बंद असला की एका पात्यावर 'कै.' आणि पुढे नाव, दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ', तिसऱ्यावर देणाऱ्याचं नाव आणि गाव. बटण दाबलं की अक्षरं गायब. आता हे नाव म्हणजे पंख्याच्या बदल्यात शाळेने दिलेली वस्तू आहे का नुसते आभार आहेत, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नव्हता, पण पुढे याच प्रश्नावर सरकारला परिपत्रक काढावं लागलं. ते खाली येतंच.

आधी मूळ फरक. दुकानात पैसे देणारा आणि वस्तू नेणारा माणूस एकच असतो, किंवा निदान एकाच घरातला असतो. साबणाला फेस आला नाही की पुढच्या महिन्यात तो दुसरा साबण घेतो आणि कंपनीला आपोआप निरोप पोचतो. देणगीत हा धागा तुटतो. पैसे ठाण्यातला माणूस देतो आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन गडचिरोलीतल्या कुणा आजींचं होतं. ते ऑपरेशन नीट झालं की नाही हे आजींना कळतं पण त्यांच्या हातात पैसे थांबवायची ताकद नाही, आणि ज्याच्या हातात ती ताकद आहे त्याला संस्थेने पाठवलेल्या फोटो आणि पत्रापलीकडे काहीच दिसत नाही. म्हणजे संस्थेला दोन गिऱ्हाईकं, एक पैसे देणारं, एक सेवा घेणारं, आणि मार्केटिंगचा सगळा ओढा साहजिकच पहिल्याकडे जातो. फोटोत रडणारं मूल का येतं याचं उत्तर इथेच आहे. तो फोटो मुलासाठी काढलेलाच नसतो.

'मार्केटिंग' हा शब्द अशा संस्थांना लावायचा का यावर अमेरिकेत १९६९ च्या सुमाराला चांगलाच वाद झाला. दोन प्राध्यापकांनी लिहिलं की लावायलाच पाहिजे, कारण चर्च, दवाखाने, विद्यापीठं सगळेच लोकांसमोर काहीतरी मांडतात आणि त्या बदल्यात काहीतरी मागतात. विरोधकांचं म्हणणं होतं की जिथे किंमत नाही आणि खरेदी-विक्री नाही तिथे हा शब्द ओढून आणू नका. पुढे सत्तरच्या दशकात 'देवाणघेवाण' ही कल्पना मध्यभागी आली आणि असं धरलं गेलं की ती दोघांतच व्हायला हवी असं नाही, पहिला दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, अशी साखळीही चालते. पुस्तकात हे बसलं. प्रत्यक्षात अडचण तिथेच राहिली की साखळीत पहिल्या माणसाच्या हातात शेवटी काय पडतं.

आपल्याकडे तर शब्दच गुंतलेला आहे. मासिकाची वार्षिक वर्गणी भरली की बारा अंक घरी यायलाच हवेत, एक नाही आला तर आपण फोन करून विचारतो, म्हणजे ती सरळ विक्री. गणपतीची वर्गणी दिली तर पावती मिळते, प्रसाद मिळतो, पण कार्यक्रम आवडला नाही म्हणून कुणी पैसे परत मागत नाही. दोन्हीला शब्द एकच. 'देणगी प्रवेशिका' तर त्याहून पुढची, एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावायचा आणि तिकिटाला तिकीट म्हणायचंच नाही. खुर्ची मिळते, नंबर असतो, पहिल्या रांगेला जास्त पैसे लागतात, तरी वर छापलेलं देणगी. माझ्या मते खुर्चीचा नंबर असेल तर ते तिकीटच. अमेरिकेच्या करखात्याने १९६७ मध्येच ही गाठ सोडवली होती, कार्यक्रमाच्या तिकिटाची बाजारातली किंमत वजा करायची आणि वर जे उरेल तेवढीच देणगी. १९९३ च्या कायद्याने तर ७५ डॉलरच्या वर रक्कम असेल तर बदल्यात दिलेल्या गोष्टीची किंमत संस्थेनेच लिहून द्यायची असं बंधन घातलं.

याच्या उलट टोकाला ध्वजदिन निधी. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला सैनिकांसाठी कागदी झेंडे वाटले जातात, शाळेत खिशाला लावून आपण सगळे फिरलोय. त्या झेंड्याला किंमत नाही. डब्यात पाच रुपये टाकणाऱ्याला आणि पाचशे टाकणाऱ्याला तोच झेंडा आणि तीच टाचणी. पैसे वाढले तरी वस्तू वाढत नाही, विक्रीत असं कधीच होत नाही. झेंडा म्हणजे छातीवर लावलेली पावती, त्याचा दुसरा उपयोग हा की पुढच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभा असलेला मुलगा तुम्हाला परत थांबवत नाही.

मग आली ग्रीटिंग कार्डं. १९७९ साली मुंबईत सात मित्रांनी ५० रुपयांवर सुरू केलेली मुलांसाठी काम करणारी एक संस्था कार्डं विकूनच घराघरात पोचली. इथे वस्तू खरी, छापील किंमत खरी, आणि घेणाऱ्याला कार्ड हवंच होतं. ही विक्रीच, फक्त नफा कुठे जातो ते घेणाऱ्याला आवडतं म्हणून तो या रॅकवरचं कार्ड घेतो. त्याचा तोटा मात्र वीसेक वर्षांनी दिसला, लोक एसेमेस आणि ईमेलवर शुभेच्छा देऊ लागले आणि कार्डंच विकली जाईनात. कामाबद्दलची आपुलकी कमी झाली नव्हती, पण पैसे वस्तूला चिकटलेले होते आणि वस्तू गेली.

कार्डाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो विक्रीशी उलटा आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००१ च्या नाताळाआधी एका संस्थेची सुमारे दहा हजार आवाहनपत्रं तीन गटांत पाठवली गेली. एका गटाला नुसतं पत्र, दुसऱ्याला ढाक्यातल्या मुलांनी काढलेल्या चित्राचं एक पोस्टकार्ड, तिसऱ्याला तशी चार. एक कार्ड मिळालेल्यांत देणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या पत्रापेक्षा १७ टक्क्यांनी जास्त निघालं, चार मिळालेल्यांत ७५ टक्क्यांनी. कार्डं कुणी मागितली नव्हती, परत करायचीही नव्हती. वस्तू आधी आली, पैसे नंतर, आणि मधे होती भीड. हे चालतं हे खरं, पण मला ते पटत नाही, कारण त्यातून मिळालेला माणूस कामाला बांधलेला नसतो, कार्डाला बांधलेला असतो.

आता स्मरणिका. संस्थेला पंचवीस वर्षं झाली, पन्नास वर्षं झाली की स्मरणिका निघते आणि कार्यकर्ते जाहिरातीचं दरपत्रक घेऊन बाजारपेठेत फिरतात, मागचं कव्हर इतके, पूर्ण पान इतके, अर्ध पान इतके. मीही फिरलोय. दुकानदार दरपत्रकाकडे बघतही नाही, 'किती देऊ बोला' म्हणतो, आणि मजकूर विचारला तर 'शुभेच्छा टाका' म्हणतो. कुणी नावही नको म्हणतं, मग पानावर फक्त 'एक हितचिंतक'. कागदावर ही जाहिरातीची विक्री आहे, मनात दोन्ही बाजूंच्या देणगी आहे. आणि महिन्याभराने तोच दुकानदार देणगीवरच्या आयकर सवलतीसाठी विचारतो, ८०जीची पावती मिळेल ना?

जीएसटी आल्यावर हा घोळ उघड्यावर आला. कर लागायला 'मोबदला' लागतो. देणगीच्या बदल्यात काहीच दिलं नाही तर कर नाही हे सरळ होतं, पण भिंतीवर नाव लावणं म्हणजे काहीतरी देणं झालं का? ११ ऑक्टोबर २०१९ ला परिपत्रक आलं. त्याचा गाभा असा की रक्कम धर्मादाय संस्थेला दिलेली असावी, ती खरोखर देणगीच्या स्वरूपाची असावी, आणि नावाची पाटी ही आभार म्हणून असावी, देणाऱ्याच्या धंद्याची जाहिरात म्हणून नसावी. तसं असेल तर कर नाही. उदाहरणं अगदी ओळखीची दिली होती, योग शिकवणाऱ्या संस्थेला दिलेल्या डिजिटल फळ्याखाली देणाऱ्याच्या शुभेच्छा, किंवा मंदिराच्या आवारातल्या खोलीच्या दारावर वडिलांच्या स्मरणार्थ मुलीचं नाव. म्हणजे आपला शाळेचा पंखाच. पंखा सुटला.

पण कडेच्या गोष्टी लटकल्या. समजा गावच्या वाचनालयाला एका सराफाने एक लाख रुपये दिले. पाटीवर 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ' आणि खाली त्याचं नाव, तर देणगी. त्याच पाटीवर पेढीचं नाव, लोगो, 'शुद्ध सोन्याची खात्री' आणि फोन नंबर आला की जाहिरात. मग वाचनालयाने एक लाखावर १८ टक्के म्हणजे १८ हजार जीएसटी लावायचा, अर्थात त्याची नोंदणी असेल तर, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान संस्थेला नोंदणीच लागत नाही. सराफाच्या बाजूने बघा. देणगी धरली आणि तो जुन्या कररचनेत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर साधारणपणे ८०जीखाली निम्म्या रकमेची, म्हणजे ५० हजारांची वजावट, कर वाचला १५ हजार, अधिक थोडा सेस. जाहिरात धरली तर धंद्याचा खर्च म्हणून पूर्ण लाखाची वजावट, कर वाचला ३० हजार, आणि १८ हजारांचा जीएसटी त्याला त्याच्या विक्रीवरच्या करातून वळता करून मिळतो. म्हणजे जो पाटीवर फोन नंबर टाकतो त्याला सरकार जास्त सवलत देतं आणि जो फक्त वडिलांचं नाव टाकतो त्याला निम्मी. परिपत्रकाने पंख्याला न्याय दिला हे चांगलंच झालं, पण ही तफावत तशीच राहिली आणि माझ्या मते देणगीला ती घातक आहे.

नुसतं पेढीचं नाव, घोषवाक्य नाही, फोन नाही, लोगो नाही, तर काय? इथे वकिलांतही दोन मतं ऐकू येतात, कारण छोट्या गावात पेढीचं नाव आणि घराण्याचं नाव एकच असतं. स्मरणिकेची मात्र सुटका नाही, तिथे दरपत्रक आहे, पानाचा आकार आहे, म्हणून ती जाहिरातच आणि तिला ८०जी नाही. ओळखायचं कसं तर पावती बघा, 'जाहिरातीपोटी' लिहिलं असेल तर वजावटीचा विषय संपला. खजिनदार घोटाळा करतात तो नेमका इथे, एकाच पावतीपुस्तकातून दोन्ही पावत्या फाडतात. २०२१-२२ पासून ते लपतही नाही. देणगीदारांची यादी ओळखक्रमांकासह ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरावी लागते आणि तिथून निघणारा फॉर्म १०बीई हाच देणाऱ्याचा पुरावा. त्या यादीत जाहिरातदार घुसवला तर पुढे नोटीस संस्थेलाही येऊ शकते आणि त्यालाही. रोखीचंही तसंच, दोन हजारांच्या वर रोख दिली तर त्या रकमेला वजावट नाही, २०१७ च्या आधी ही मर्यादा दहा हजार होती.

शेवटचा मोठा धक्का दरमहा देणाऱ्यांच्या बाबतीत बसला. मॉलच्या दारात, स्टेशनबाहेर टीशर्ट घालून उभ्या असलेल्या मुलांनी कार्डावर दरमहा पाचशे-हजार कापायची संमती घ्यायची, ही पद्धत संस्थांचा कणा झाली होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून बँकांच्या नियामकाने कार्डावरून आपोआप पैसे कापायचे नियम बदलले, जुन्या संमती परत नोंदवायच्या, पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज जायलाच हवा, पाच हजारांच्या वर दर वेळी ओटीपी. सिनेमाच्या ॲपचे पैसे कापले गेले नाहीत तर पडदा बंद होतो आणि माणूस दोन मिनिटांत परत नोंदणी करतो. देणगीचे पैसे कापले गेले नाहीत तर देणाऱ्याच्या घरात काहीच बंद होत नाही. त्याला कळतही नाही. मर्यादा जून २०२२ मध्ये १५ हजार झाली पण गळालेले लोक त्याने परत आले नाहीत, त्यांची यादी काढून एकेकाला फोन करावा लागला, आणि फोनवर पहिला प्रश्न बहुतेकदा हाच असायचा, 'अजून चालू नाहीये का ते?'