सरासरी एफपीएस सारखाच, मग एकच कार्ड गचके का देते?

ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी बेंचमार्क कसा वाचावा: आमच्या ग्राहकांसाठी

कार्ड घ्यायला येणारे बरेच ग्राहक मोबाइलवर एखादा तक्ता उघडूनच येतात. दोन कार्डे, दोन आकडे: एकाचा सरासरी एफपीएस ९०, दुसऱ्याचाही ९०. दुसरे थोडे स्वस्त असते, म्हणून ते द्या म्हणतात. अशा वेळी आम्ही दोन मिनिटे मागून घेतो, कारण त्या तक्त्यात सरासरीच्या शेजारी १% लो नावाचा आणखी एक आकडा असतो आणि खेळताना हाताला जे जाणवते ते बहुधा त्यातच असते. दुकानात गर्दी असली की हे नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

फ्रेम मोजू नका, दोन फ्रेममधला वेळ मोजा

६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद, ९० म्हणजे ११.१ आणि १४४ म्हणजे ६.९. पण हा हिशेब फ्रेम्सची वाटणी समान झाली तरच खरा. तासाला सहा बस आहेत असे वेळापत्रक सांगते. पाच बस एकापाठोपाठ निघून गेल्या आणि सहावीसाठी पाऊण तास स्टॉपवर उभे राहावे लागले, तरी तासाला सहा हा आकडा खोटा ठरत नाही. खोळंबा मात्र व्हायचा तो होतोच.

फ्रेमचेही तसेच आहे. एखादी फ्रेम तयार व्हायला १०० मिलिसेकंद लागले, तर तेवढा वेळ पडद्यावर जुनेच चित्र थांबून राहते. माऊस हलवलेला असतो, चित्र हललेले नसते. यालाच आपण स्टटर किंवा गचका म्हणतो. २०११ मध्ये द टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी कार्डांच्या चाचणीत प्रत्येक फ्रेमचा वेळ मांडायला सुरुवात केली, आणि पुढे ही पद्धत चाचणी करणाऱ्यांमध्ये रूढ झाली.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, दोन कार्डांवर एकाच गेमचा तोच रस्ता ६० सेकंद चालवला. दोन्हीकडे ५,४०० फ्रेम्स झाल्या, म्हणजे सरासरी ९० एफपीएस.

पहिल्या कार्डाच्या फ्रेम्स साधारण १० ते १४ मिलिसेकंदांच्या आहेत. एकही फार लांबलेली नाही.

दुसऱ्या कार्डाच्या ५,३७० फ्रेम्स प्रत्येकी १०.६ मिलिसेकंदांत झाल्या, म्हणजे पहिल्यापेक्षाही चपळ. पण उरलेल्या ३० फ्रेम्सना प्रत्येकी १०० मिलिसेकंद लागले. मिनिटाला ३० गचके. असा गेम कोणी दहा मिनिटेही खेळणार नाही. (खऱ्या मोजणीत सगळ्या फ्रेम्स इतक्या एकसारख्या नसतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून तशा धरल्या आहेत.)

आता १% लो काढू. ५,४०० चा एक टक्का म्हणजे सर्वांत हळू ५४ फ्रेम्स. इथे दोन पद्धती आहेत आणि दोन्हींना लोक १% लोच म्हणतात.

पहिली पद्धत सरासरीची. त्या ५४ फ्रेम्सचा सरासरी वेळ काढायचा आणि १००० ला त्याने भागायचे. दुसऱ्या कार्डात ३० फ्रेम्स १०० च्या आणि २४ फ्रेम्स १०.६ च्या आहेत. सरासरी सुमारे ६०.३ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम १७ एफपीएस. पहिल्या कार्डात हाच आकडा ७१ च्या आसपास येतो. कोणते कार्ड त्रास देईल ते इथे लगेच दिसते.

दुसरी पद्धत पर्सेंटाइलची. सगळ्या फ्रेम्स हळूपासून जलद अशा ओळीने लावायच्या आणि चौपन्नाव्या जागी जी फ्रेम येते फक्त तिचाच वेळ घ्यायचा. दुसऱ्या कार्डात पहिल्या ३० जागा गचक्यांनी अडवलेल्या आहेत, त्यामुळे चौपन्नाव्या जागी १०.६ मिलिसेकंदांचीच फ्रेम येते. उत्तर ९४ एफपीएस! ते सरासरीपेक्षाही जास्त आहे, आणि पहिल्या कार्डाच्या सुमारे ७४ पेक्षाही बरेच वर आहे. म्हणजे मोजलेली फाइल तीच असून एका पद्धतीत हे कार्ड नापास होते आणि दुसऱ्या पद्धतीत पहिले येते.

म्हणून दोन वेगवेगळ्या चाचण्यांतले १% लो एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका. एकाच चाचणीत, एकाच पद्धतीने काढलेले आकडे तेवढे ताडून पाहा. पर्सेंटाइलची पद्धत चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. ती एखाद्या चुकार फ्रेमने डगमगत नाही, आणि चाल एकूण किती एकसारखी आहे हे चांगले दाखवते. फक्त मोजके पण मोठे गचके तिच्या हातून निसटतात.

आकडा कुठे संपतो

१% लो कोणत्याही पद्धतीने काढला, तरी गचके केव्हा आले हे तो सांगत नाही. तीसही गचके नवा भाग उघडताना पहिल्या चार सेकंदांत आले असतील, तर ते चालवून घेता येते. दर दोन सेकंदांनी एक येत असेल तर नाही. दोन्हीकडे १% लो मात्र तोच. त्यासाठी फ्रेम टाइमचा ग्राफ पाहायचा. आडवी, थोडी थरथरणारी रेघ चांगली. मधूनमधून सुळके वर जात असतील तर ते गचके, आणि त्यांच्यातले अंतर तिथेच मोजता येते.

मोजणी किती वेळाची होती हेही बघा. ६० एफपीएसच्या गेममध्ये २० सेकंदांची मोजणी म्हणजे १,२०० फ्रेम्स. त्याचा एक टक्का १२ फ्रेम्स. ०.१% लो काढायचा तर हातात एकच फ्रेम उरते, आणि एका फ्रेमवरून हजारो रुपयांचा निर्णय घेऊ नये. सरासरी प्रत्येक फेरीत जवळपास तीच येते, १% लो मात्र वरखाली होतो. किमान तीन फेऱ्या झालेल्या नसतील तर चार-पाच टक्क्यांचा फरक आम्ही फरक धरत नाही.

गचका कार्डाचा आहे की दुसऱ्या कशाचा?

हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे ग्राहकाचे पैसे वाया जातात.

मागे एक ग्राहक कार्ड बदलायला आले होते. सरासरी छान होती, पण गेममध्ये गाडी शहरात शिरली की गचके. आम्ही त्यांच्याच मशीनवर तोच रस्ता तीनदा चालवला. पहिल्या फेरीतले काही सुळके दुसऱ्या फेरीत दिसले नाहीत. ते शेडर तयार होण्याचे होते. कार्डासाठीचा हा कोड पहिल्यांदा लागतो तेव्हा तयार होतो आणि नंतर साठवलेला वापरला जातो. नवा ड्रायव्हर टाकला की बहुधा पुन्हा पहिल्यापासून. असे गचके नवे कार्ड घेऊन जात नाहीत.

उरलेले सुळके मात्र प्रत्येक फेरीत येत राहिले. मग रिझोल्यूशन १४४०पी वरून ७२०पी वर आणले. कार्डाचे काम बरेच हलके झाले, सरासरी थोडी वाढली, १% लो जागचा हलला नाही. म्हणजे कार्ड वाट पाहत होते, अडत होते ते प्रोसेसर किंवा रॅमपाशी. कॅबिनेट उघडले तर १६ जीबीची एकच रॅम पट्टी. एका पट्टीवर प्रोसेसरला एकाच वाटेने डेटा मिळतो, जोडी लावली की दोन वाटा होतात. त्याच जातीची दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली आणि शहरातली गाडी सुरळीत चालली. कार्ड आम्ही विकले नाही.

कार्डाचाच दोष असतो तेव्हा तो बऱ्याचदा मेमरी अपुरी पडण्याचा असतो. आरटीएक्स ४०६० टीआय हे २०२३ मधले कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आले, आणि दोन्हींत चिप तीच. गेम ८ जीबीत मावतो तोवर दोघांची सरासरी जवळपास सारखी. मावेनासा झाला की उरलेले टेक्श्चर संगणकाच्या रॅममध्ये जातात आणि लागतील तसे पीसीआयई खाचेतून आणावे लागतात. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २८८ जीबी देते. हे कार्ड खाचेतल्या ८ लेनच वापरते, म्हणून ४.० पिढीच्या बोर्डवर त्या वाटेने सुमारे १६ जीबी येतात आणि ३.० च्या बोर्डवर त्याच्या निम्मे. बी४५० बोर्ड किंवा इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. तुमच्या मशीनवर ८ जीबीचे कार्ड चाचणीत दिसले त्यापेक्षा जास्त अडखळू शकते, कारण चाचणी बहुधा नव्या बोर्डवर आणि महागड्या प्रोसेसरवर झालेली असते.

ओळखायची खूण सोपी आहे. बाकी काही न बदलता फक्त टेक्श्चर एक पायरी खाली आणा. सरासरी जवळपास तीच राहिली आणि सुळके गेले, तर मेमरीच अपुरी होती. काही गेम मात्र मेमरी संपली की गचका न देता गुपचूप धूसर टेक्श्चर लावतात. तिथे १% लो उत्तम दिसतो आणि भिंतीवरची अक्षरे वाचता येत नाहीत. आकड्याबरोबर चित्रही पाहावे ते यासाठी.

घरी मोजायचे असेल तर

`PresentMon` किंवा त्यावरच आधारलेले `CapFrameX` मोफत मिळते. फ्रेम जनरेशन बंद ठेवा, नाहीतर मधल्या बनवलेल्या फ्रेम्सनी हिशेब बिघडतो. त्याच जागेवरून, त्याच वाटेने ६० सेकंद मोजा. मिळालेल्या `CSV` फाइलमधला फ्रेम टाइमचा स्तंभ (जुन्या आवृत्त्यांत `MsBetweenPresents`) एक्सेलमध्ये `A` स्तंभात घ्या. ५,४०० फ्रेम्स असतील तर सरासरी, पर्सेंटाइलचा १% लो आणि सरासरीचा १% लो असे क्रमाने निघतात:

```
=1000/AVERAGE(A2:A5401)
=1000/PERCENTILE(A2:A5401,0.99)
=1000/AVERAGEIF(A2:A5401,">="&LARGE(A2:A5401,54))
```

फ्रेम्स कमी-जास्त असतील तर `5401` आणि `54` हे आकडे त्याप्रमाणे बदला. दुसरे आणि तिसरे उत्तर जवळजवळ आले तर मोठे गचके नाहीत. तिसरे फारच खाली गेले तर ग्राफ उघडून सुळके शोधा.

दुकानात येताना ती फाइल पेनड्राइव्हवर आणा. सोबत बोर्डचे नाव, रॅमच्या पट्ट्या किती आणि मॉनिटर किती हर्ट्झचा हे लिहून आणा. मॉनिटरला व्हेरिएबल रिफ्रेश असेल तर तेही सांगा. ७० आणि ९० मधली चढउतार त्याने बरीच झाकली जाते, १०० मिलिसेकंदांचा गचका झाकला जात नाही. फाइल आम्ही तुमच्यासमोरच उघडू आणि कार्ड बदलायची गरज नसेल तर तसे सांगू.