एका वर्षात दोन रामनवम्या: गावच्या देवस्थानाच्या अंदाजपत्रकामागचा इतिहास

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३१-अ प्रमाणे, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या न्यासाने हिशेबाचे वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयात द्यायचे असते. म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत. विदर्भातल्या गावच्या राममंदिराची पंचकमिटी तेव्हा रामनवमीच्या तयारीला लागलेली असते. वर्गणीची पावतीपुस्तके छापून आलेली असतात, कीर्तनकारांच्या तारखा ठरलेल्या असतात आणि अंदाजपत्रक बहुधा गेल्या वर्षीच्या आकड्यांत थोडी वाढ करून तयार होते. त्या कागदावर जमेची बाजू, उत्सवाचा खर्च आणि दानधर्म अशी जी मांडणी दिसते, ती एकदम कोणी बसवलेली नाही. तिचा प्रत्येक भाग वेगळ्या काळात आला, आणि ते भाग आजही एकमेकांशी नीट जुळत नाहीत.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. जुन्या देवस्थानांचा आधार होता देवाच्या नावचे वावर. वऱ्हाडात इनामाच्या जमिनी होत्या. पूर्वेकडे भंडारा-चांद्याच्या बाजूला गावचा जमीनमालक असलेला मालगुजार देवळाचा दिवाबत्तीचा खर्च उचलायचा आणि यात्रेचा शिधाही त्याच्याच कोठारातून यायचा. अंदाजपत्रक करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पैसा एका घरातून येई आणि खर्चाचा निर्णयही त्याच घरात होई. मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने ही मालगुजारी रद्द केली आणि १९५१ मध्ये तो अमलात आला. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता. मालगुजार गेला, देऊळ राहिले, आणि यात्रेचा खर्च गावाच्या अंगावर आला. लोकवर्गणी आधीही होती. आता तिच्यावाचून यात्रा होईना.

देवस्थानाच्या नावे राहिलेली जमीन मक्त्याने द्यायची पद्धत अजून चालू आहे. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळकायद्यात सार्वजनिक पूजास्थानांच्या जमिनींना काही अटींवर सूट आहे, पण त्यासाठी जमिनीचे सगळे उत्पन्न न्यासाच्या कामालाच लागते हे दाखवावे लागते. म्हणूनच मक्त्याचा कागद एका हंगामाचा करतात आणि दरवर्षी हर्रास बोलतात. निदान बोलायला हवा. जिथे हर्रास बंद पडतो, तिथे देवाचे वावर कमिटीतल्याच कोणाच्या भावकीत वर्षानुवर्षे जुन्या दराने राहते. हे ओळखायला हिशेबतपासनीस लागत नाही. धुऱ्यापलीकडच्या वावराचा मक्ता विचारला आणि देवस्थानाच्या जमाखर्चातल्या आकड्याशी ताडून पाहिला, की कळते.

हिशेब दाखवण्याचे बंधन पन्नाशीच्या दशकात आले. मुंबई राज्याचा विश्वस्त कायदा १९५० चा, पण विदर्भाला आधी मध्य प्रदेशाचा १९५१ चा कायदा लागू झाला. त्यात सार्वजनिक न्यासांची नोंद जिल्हाधिकाऱ्याकडे होई. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे कायद्यांच्या एकीकरणानंतर इथली देवस्थाने धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत गेली. त्यामुळे गावच्या जुन्या दप्तरात कधी कधी दोन राज्यांचे शिक्के सापडतात. नोंद झाली तेव्हा न्यासाचे उद्देशही लिहून दिले गेले. पूजाअर्चा, नैवेद्य, उत्सव, जीर्णोद्धार: साधारण एवढेच. त्या वेळी ज्यांनी ते लिहिले त्यांना पुढे रुग्णवाहिका घ्यायची वेळ येईल असे कसे वाटणार?

दानधर्माचा रकाना कायद्याआधी कीर्तनातून आला, असे म्हणायला हरकत नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातलेच. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषातली यात्रा भरते; तिथे त्यांनी घाट बांधवून घेतला, लोकांना हाती झाडू घ्यायला लावले, आणि देवाच्या नावाने जमलेला पैसा धर्मशाळा, अन्नदान, शिक्षण यांकडे वळवला. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले, तोवर ‘देवळाने माणसासाठी काय केले’ हा प्रश्न वऱ्हाडात कोणीही चारचौघांत विचारू लागला होता. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या कामाने तो गावोगावच्या सेवामंडळांत नेला. शेगावचे संस्थान तर गजानन महाराजांच्या हयातीतच, १९०८ मध्ये, स्थापन झाले आणि पुढे दवाखाने, अभियांत्रिकी महाविद्यालय अशी मोठी कामे त्याने उभी केली. शेगावचे उदाहरण मात्र खेड्यातल्या कमिट्या अर्धेच घेतात, असे माझे मत आहे. तिथले काम पाळीपाळीने विनामोबदला राबणाऱ्या सेवेकऱ्यांवर उभे आहे. पगाराच्या रकान्यात त्यामुळे जे वाचते ते सेवेच्या रकान्यात जाते. गावात नक्कल होते ती कमानीची.

आता कायदा ‘धर्मादाय’ कशाला म्हणतो? कलम ९ मध्ये गरिबीचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकोपयोगी कामे येतात. निव्वळ पूजा किंवा धार्मिक शिकवण त्यात येत नाही. म्हणजे यात्रेतला महाप्रसाद हा गावाच्या दृष्टीने अन्नदान असला, तरी अंदाजपत्रकात त्याची जागा उत्सवखर्चात शोभते. पुष्कळ कमिट्या तो दानधर्मात दाखवतात आणि निम्मे उत्पन्न सेवेला गेल्याचे चित्र उभे राहते. हिशेब वाचताना पहिली नजर इथे टाकावी.

याहून खोल घोटाळा दिनदर्शिकेचा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पूर्वी वही दिवाळीला बदलायची. दिवाळी ते दिवाळी या वर्षात, अधिक मास आला तरी, चैत्र शुद्ध नवमी एकदाच येते. १९८९-९० या कर आकारणी वर्षापासून आयकरासाठी सगळ्यांचेच हिशेबाचे वर्ष एप्रिल-मार्च झाले. रामनवमी मात्र मार्चअखेर आणि एप्रिल यांच्यात फिरत राहिली. २०२२ मध्ये ती १० एप्रिलला होती, २०२३ मध्ये ३० मार्चला, २०२४ मध्ये १७ एप्रिलला. म्हणजे २०२२-२३ या एकाच आर्थिक वर्षात दोन रामनवम्या पडल्या आणि २०२३-२४ मध्ये एकही नाही.

याचा परिणाम काय होतो, हे एका कल्पित पण नेहमीच्या मापाच्या देवस्थानावर पाहू. दानपेटी २,१०,०००, अभिषेक वगैरेंच्या पावत्या ९०,०००, सहा एकरांचा मक्ता ७२,०००, सभागृहाचे भाडे ४८,००० आणि ठेवींचे व्याज ३०,००० धरले, तर वर्षाची सर्वसाधारण जमा साडेचार लाख होते. पुजारी, झाडलोट, वीज, नैवेद्य, दुरुस्ती आणि हिशेबतपासणी यांना मिळून दोन लाख ऐंशी हजार लागतात. रामनवमीचा सप्ताह आणि महाप्रसाद यांचा खर्च तीन लाख ऐंशी हजार. मंडप, साउंड, आचारी, किराणा, गॅस आणि कीर्तनकारांचे मानधन सगळे त्यात आले. त्यासाठी वर्गणी येते दोन लाख साठ हजार. उरलेले एक लाख वीस हजार दरवर्षी सर्वसाधारण जमेतून भरले जातात आणि शेवटी दानधर्माला पन्नास हजार राहतात: शाळेच्या मुलांच्या वह्या, एखाद्या घरी दवाखान्याची मदत.

हेच आकडे २०२२-२३ ला लावा. दोन उत्सव, म्हणजे सर्वसाधारण जमेतून दोन लाख चाळीस हजार गेले. सत्तर हजारांची तूट. यात्रेची पेटीही दोनदा भरते म्हणून ती थोडी कमी दिसेल, पण दिसेल. पुढच्या वर्षी उत्सवच नाही, तेव्हा एक लाख सत्तर हजारांची शिल्लक. दोन वर्षांची सरासरी तीच पन्नास हजार आहे, काहीच बदललेले नाही. पण कमिटीच्या बैठकीत तसे दिसत नाही. तुटीच्या वर्षी पहिल्यांदा वह्यांचे वाटप रद्द होते, कारण मंडपवाल्याचे बिल थांबत नाही. शिलकीच्या वर्षी मात्र ‘पैसा पडून आहे’ म्हणून सभामंडपाला टाइल बसतात. सेवेचा पैसा असा दोन वर्षांत बांधकामात जातो, आणि कोणी खाल्लेला नसतो.

वर्गणीची ओढाताण वेगळीच. ती पिकावर आहे. सोयाबीनचा भाव पडला किंवा बोंडअळीने कपाशी गेली, की पावत्या कमी फाटतात. वरच्या हिशेबात वर्गणी पाव हिश्शाने, म्हणजे पासष्ट हजारांनी घटली आणि पंगत तेवढीच ठेवली, तर दानधर्माचे पन्नास हजार संपून वर पंधरा हजार कमी पडतात. गव्हाचे कट्टे, तुरीची डाळ, तेलाचे डबे अशी वस्तुरूप वर्गणी पुष्कळदा जमेतच धरली जात नाही. उत्सव समितीची वही वेगळी आणि न्यासाची किर्द वेगळी असली, की उरलेले कट्टे कुठे गेले हा दरवर्षीचा वाद ठरलेलाच. कट्टा आला त्या दिवशी बाजारभावाने जमेला आणि स्वयंपाकाला निघाला त्या दिवशी खर्चाला घेतला, तर एकाच किर्दीत काम भागते.

पेटीवर किती विसंबायचे, हे करोनाने दाखवले. मार्च २०२० पासून त्या नोव्हेंबरातल्या पाडव्यापर्यंत देवळे बंद होती. नंतर एप्रिल ते ७ ऑक्टोबर २०२१ पुन्हा बंद. दोन रामनवम्या दाराआड झाल्या. उत्सवाचा खर्चही वाचला खरा, पण पुजारी आणि वीज चालू राहिली. ज्यांच्याकडे वावराचा मक्ता आणि ठेवींचे व्याज होते, त्यांना मुद्दलाला हात लावावा लागला नाही.

या सगळ्यावर काही कमिट्यांनी काढलेला उपाय साधा आहे. वर्गणी आणि यात्रेच्या दिवसांतली पेटी वेगळी मोजून, पंचनामा करून, ‘उत्सव निधी’ या नावाने ताळेबंदात पुढे ओढायची. उत्सवाचा खर्च त्यातूनच करायचा, कमी पडले तर सर्वसाधारण जमेतून रामनवमीमागे एक ठरलेली रक्कम द्यायची, ३१ मार्च मध्ये आला तरी. दानधर्माची रक्कम शिलकीवर न सोडता पुजाऱ्याच्या मानधनासारखी आधीच लिहायची.

त्यात दोन अडथळे येतात. एक, नोंदणीतले उद्देश. दवाखान्याची मदत त्यांत नसेल, तर तपासनीस शेरा मारतो, आणि योजनेत दुरुस्ती करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो. दुसरा आयकराचा. निनावी दानावर ३० टक्के कर लावणारी तरतूद २००६ च्या वित्त कायद्याने आली. निव्वळ धार्मिक न्यासांची पेटी त्यातून सुटली, धार्मिक आणि धर्मादाय असा मिश्र न्यासही बहुतांशी सुटला. पण न्यास स्वतः दवाखाना किंवा शाळा चालवत असेल आणि ‘दवाखान्यासाठी’ अशी पाटी लावलेल्या पेटीत निनावी नोटा पडत असतील, तर सवलतीच्या मर्यादेवरची रक्कम कराच्या कक्षेत येते. अशा दानाला नाव-पत्त्याची पावती फाडलेली बरी.