बातमीपत्रातली लिंक लांबलचक का झाली

फोंड्यातल्या एका नाट्यमंडळाचे बातमीपत्र दर महिन्याला ईमेलने येते. त्यातल्या ‘प्रयोगांचे वेळापत्रक’ या शब्दांवर बोट दाबून धरले, तर मंडळाचा पत्ता दिसत नाही. दिसते ते असे काही:

```
https://click.example.net/c/9fK2xQ7bLw0Zt
```

मंडळ ही पत्रे एका मेल-सेवेमार्फत पाठवते. पत्र निघण्याआधी ती सेवा प्रत्येक लिंकच्या जागी स्वतःची लिंक घालते. शेवटची अक्षरे प्रत्येक वाचकासाठी वेगळी असतात. क्लिक केले की आधी सेवेचा सर्व्हर वेळ, आयपी पत्ता आणि ब्राउझर नोंदवतो, मग ब्राउझरला ३०२ हे उत्तर देऊन मूळ पानाकडे धाडतो. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम म्हणजे एचटीटीपी; त्याच्या १९९६च्या १.० आवृत्तीतही ३०२चा अर्थ ‘पान तात्पुरते दुसरीकडे आहे’ असाच होता. ‘कायमचे हलले’ सांगणारे ३०१ इथे सहसा वापरत नाहीत, कारण ब्राउझर ते लक्षात ठेवू शकतो आणि मग पुढचा क्लिक मोजणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

खरा वाद आहे तो मुक्कामाचा पत्ता झाकण्यावरून. आधी अशा लिंक सर्रास दिसत:

```
https://click.example.net/r?u=https%3A%2F%2Fnatak.example.org
```

`%3A` म्हणजे अपूर्णविराम आणि `%2F` म्हणजे तिरकी रेघ, एवढे ठाऊक असले की आपण कुठे जाणार ते वाचता येई. पण `u=` नंतर कुणीही बनावट बँकेचा पत्ता चिकटवू शके आणि लिंक मात्र विश्वासातल्या नावाने सुरू होई. याला ओपन रिडायरेक्ट म्हणतात. ती पळवाट बुजवायला पत्ता सर्व्हरवर ठेवून लिंकमध्ये फक्त खूण ठेवण्याची रीत रुळली. पळवाट बुजवायलाच हवी होती, पण त्याची किंमत वाचकाने मोजली. पत्ता उघडा ठेवून शेजारी सर्व्हरची सही, म्हणजे पत्ता बदलला की न जुळणारी अक्षरे, जोडली असती, तरी छेडछाड पकडता आली असती. माझ्या मते तेच योग्य ठरले असते.

२०२१ मध्ये एका मोठ्या फोन कंपनीच्या मेल-ॲपने पत्रातली चित्रे आधीच उतरवून घेण्याची सोय दिली. पत्र उघडले का, हे त्यातले चित्र उतरले का यावरून मोजतात. त्यामुळे ‘पत्र किती जणांनी उघडले’ हा आकडा बेभरवशाचा झाला आणि क्लिकचे वजन वाढले.

लिंक दाबून धरली तर पहिल्या थांब्याचे नाव कळते, मुक्काम कळत नाही. ‘लिंक उलगडून दाखवणाऱ्या’ साइटवर ती टाकली, तर ती साइट सर्व्हरला विचारते आणि क्लिक तुमच्या नावे पडतो. म्हणून पैसे किंवा पासवर्डचा प्रश्न असेल तर लिंक सोडा आणि मंडळाचा किंवा बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा. वेळापत्रक व्हॉट्सॲप गटात द्यायचे असेल, तर पान उघडल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता घ्या. त्यात `?utm_source=` असे काही असेल, तर प्रश्नचिन्हापासूनचा `utm_` भाग खोडला तरी पान सहसा उघडते. पत्रातल्या लांब लिंकमधले अक्षर मात्र खोडू नका, ती बंद पडेल. आणि पूर्ण पत्र पुढे पाठवताना तळाची ‘नोंदणी रद्द करा’ ही लिंक काढून टाका. तीही तुमच्याच नावाची असते. दुसऱ्याने ती दाबली, तर पत्र तुमचे बंद होते.