परांची धोक्याची दिसली, तर काम थांबवण्याची शिफारस करणारं पत्र कसं द्यावं

बाहेरच्या गिलाव्याची परांची धोक्याची दिसली, की सल्लागार साइटवर सांगतो, मुकादम "उद्या करून घेतो साहेब" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच फळीवर गवंडी चढलेले असतात. म्हणून पत्र द्यावं, आणि ते मालकाच्या नावे द्यावं. करार मालक आणि ठेकेदार यांच्यात असतो. करारात वेगळा अधिकार दिलेला नसेल, तर सल्लागार फक्त शिफारस करतो आणि काम थांबवण्याचा आदेश मालक काढतो. ठेकेदाराला प्रत त्याच दिवशी द्यावी.

कोण लिहू शकतो? ज्याच्या नेमणूकपत्रात देखरेख आहे त्याने तर लिहायचंच. ज्याच्याकडे फक्त आरसीसी डिझाइन आहे, त्यालाही डोळ्यांना दिसलेला धोका कळवायला कोणी अडवलेलं नाही. फक्त 'परांचीची तपासणी आमच्या कामात नाही, भेटीत दिसलं ते कळवत आहोत' एवढं वाक्य त्याने घालावं.

कागद कोणते? नेमणूकपत्राची प्रत, करारातलं सुरक्षिततेचं कलम, तारीख-वेळ दिसणारे फोटो, दोषाच्या जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा आणि ठेकेदाराकडची परांची तपासणीची वही. वही नसेल तर 'मागितली, मिळाली नाही' असं पत्रात लिहा. ही नोंद पुढे फोटोइतकीच उपयोगी पडते.

आता उदाहरण घेऊ. समजा, राजारामपुरीत एका गृहनिर्माण संस्थेची चार मजली इमारत आहे, जून तोंडावर आलाय आणि पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा चालू आहे. परांची लोखंडी पाइपची. कोपऱ्यातले तीन उभे पाइप ड्रेनेजच्या चरात भरलेल्या मातीवर, बेसप्लेटशिवाय उभे आहेत. वळवाच्या पावसाने भराव बसलाय, पाइप खचलेत आणि ओळंबा लावला तर परांची बाहेरच्या बाजूला झुकलेली दिसते. तिसऱ्या मजल्यावर खिडक्यांच्या कडा साफ करायच्या म्हणून गवंड्यांनी परांची इमारतीला धरून ठेवणारे टाय काढलेत. वर हिरवी जाळी आहे, ती वारा अडवते आणि त्याचा जोर परांचीवर येतो.

हे दोष वेगवेगळे मोजून चालत नाही. पाय खचला की परांची बाहेर झुकते, झुकलेली परांची टाय धरून ठेवतात, आणि इथे नेमके तेच निघालेत. सुटलेली फळी किंवा नसलेला कठडा यांतून एखादा माणूस पडेल, पण या जोडीमुळे अख्खी चौकट भिंतीपासून सुटू शकते. पत्रात हाच मुद्दा आधी यायला हवा. दोषांची वीस कलमी यादी दिली, तर मालक रंग उडालेल्या पाइपलाही तेवढंच वजन देतो.

पत्राचा गाभा साधारण असा:

"मा. अध्यक्ष यांस,
विषय: पश्चिम बाजूची परांची असुरक्षित असल्याबाबत व तिचा वापर तात्काळ थांबवण्याबाबत.
आजच्या भेटीत दक्षिण कोपऱ्यातील तीन उभे पाइप बेसप्लेटशिवाय भरावावर खचलेले आढळले. तिसऱ्या मजल्यावरील टाय काढलेले आहेत. फोटो 1 ते 6 सोबत जोडले आहेत. परांची बाहेर कोसळण्याचा धोका आहे. पश्चिम बाजूच्या परांचीवरील सर्व काम व तिच्याखालची ये-जा दोष दूर होईपर्यंत थांबवावी, अशी आमची शिफारस आहे. आतील कामे चालू ठेवण्यास हरकत नाही. दुरुस्तीची पद्धत ठेकेदाराने आपल्या जबाबदार तज्ज्ञाकडून लेखी सादर करावी. आमच्या फेरपाहणीपूर्वी वापर सुरू करू नये."

नुसतं 'काम बंद करा' असं लिहिलं, तर संस्था बिचकते आणि ठेकेदार मजूर बसून राहिल्याची भरपाई मागायला येतो. म्हणून नेमकी कोणती बाजू थांबवायची ते लिहायचं, आणि थांबण्याचं कारण ठेकेदाराच्या कामातला दोष आहे हेही स्पष्ट करायचं. दुरुस्ती कशी करायची ते मात्र सल्लागाराने पत्रात सांगू नये. 'दोन पाइप वाढवा' असं लिहिलं, की पुढच्या झुकावाची जबाबदारी त्याच्या दारात येते. आयएस 3696 आणि आयएस 4014 यांप्रमाणे परांची असावी, एवढा निकष पुरे. एक धोका मात्र जरूर लिहा: दुरुस्तीसाठी माणसं त्याच खचलेल्या परांचीवर चढवू नयेत आणि खालचे पाइप आधी सोडू नयेत.

पोचवताना आधी अध्यक्षांना फोन, लगेच व्हॉट्सअॅपवर फोटो, मग ईमेल. सहीचं पत्र संस्थेच्या कार्यालयात देऊन आपल्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्यावा. शिक्का देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट. पत्र तयार होईपर्यंत फोन थांबवायचा नाही.

दुसऱ्या दिवशीही माणसं वर दिसली, तर पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन दुसरं पत्र द्या, आणि कामगार विभागाला कळवत आहोत हे त्यातच लिहा. परांची रस्त्याच्या बाजूला असेल तर महापालिकेलाही कळवा.

फेरपाहणीनंतरच्या पत्रात 'परांची सुरक्षित आहे' असं प्रमाणपत्र देऊ नका. 'दिनांक अमुकच्या पत्रातील दोष दूर झाल्याचे आज पाहिले' इतकंच लिहा. रोजची तपासणी आणि पावसानंतरची तपासणी ठेकेदाराचीच राहते.